सिमिली की मेटाफर? इंग्रजीच्या पेपरातले चार अलंकार शब्द बदलून ओळखा

इंग्रजीच्या पेपरात कवितेची एक ओळ देतात आणि खाली विचारतात, यातला फिगर ऑफ स्पीच कोणता? मुलं ओळ पुरती वाचायच्या आधीच 'लाइक' आणि 'अ‍ॅज' शोधायला लागतात. सापडलं तर सिमिली, नाही सापडलं तर मेटाफर. वारा किंवा चंद्र दिसला की पर्सॉनिफिकेशन, मोठा आकडा दिसला की हायपर्बली. सोप्या ओळींना हे ठोकताळे चालतात. पण पेपर काढणाऱ्यांना ते माहीत असतात, त्यामुळे 'लाइक' आहे पण सिमिली नाही, आकडा आहे पण हायपर्बली नाही अशी एखादी ओळ ते हमखास टाकतात.

मी इंदूरला लोकमान्य नगरात घरीच नववी ते बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. आमच्याकडची मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात. त्यामुळे अलंकारांची तीन भाषांतली नावं त्यांच्या डोक्यात एकत्र नांदत असतात. त्यांच्यासाठी मी जी पद्धत बसवली तीच इथे पायरीपायरीने देते. पद्धत एका वाक्यात सांगता येते. ओळीतला एक शब्द काढायचा, त्याच्या जागी दुसरा घालायचा आणि ओळ टिकते का ते बघायचं. शब्द शोधत बसण्यापेक्षा शब्द बदलून बघितला की उत्तर बहुतेक वेळा समोर येतं.

आधी जवळ काय हवं

पाठ्यपुस्तकातल्या कविता, मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एक वही आणि पेन्सिल. गाइड लागलंच तर उत्तर ताडून बघायला घ्या, पण स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावरच. गाइडांमध्ये एकाच ओळीला वेगवेगळी नावं दिलेली असतात. ती का, ते चौथ्या पायरीवर कळेल.

नावांची जुळणी एकदाच करून टाका. सिमिली म्हणजे आपली उपमा, मेटाफर म्हणजे रूपक आणि हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती. पर्सॉनिफिकेशनला मराठीत चेतनगुणोक्ती म्हणतात आणि शाळेच्या हिंदी व्याकरणात मानवीकरण. या शेवटच्या जोडीतला फरक लक्षात ठेवा. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू सजीवासारखी वागली तरी पुरतं. पर्सॉनिफिकेशनमध्ये ती माणसासारखी वागावी लागते. हिंदीतलं नाव इथे जास्त जवळचं आहे. आणि मराठीत 'जणू' आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो, तसा वेगळा रकाना इंग्रजीच्या शालेय पेपरात नाही. 'अ‍ॅज इफ' आणि 'अ‍ॅज दो' या शब्दांनी केलेली तुलना तिथे सिमिलीतच धरतात.

१. ओळ कशाबद्दल आहे ते साध्या मराठीत म्हणा

ही पायरी मुलं सगळ्यात जास्त गाळतात. ओळ वाचल्यावर स्वतःला विचारा, कवी खरोखर कशाबद्दल बोलतोय? रस्त्याबद्दल, फुलांबद्दल, आईच्या चेहऱ्याबद्दल, की स्वतःच्या एकटेपणाबद्दल? ते एका शब्दात वहीच्या समासात लिहा. मग विचारा, ओळीत दुसरं असं काय आलंय की जे त्या ठिकाणी प्रत्यक्षात नाही?

'सराफा अ‍ॅट नाइट वॉज अ रिव्हर ऑफ लाइट्स' हे वाक्य घ्या. बोलणं सराफ्याच्या रात्रीच्या बाजाराबद्दल आहे. तिथे दुकानं आहेत, भुट्ट्याचा कीस आहे, गराडू आहेत, दिवे आहेत. नदी मात्र नाही. म्हणजे नदी बाहेरून आणलेली आहे. जे प्रत्यक्षात आहे आणि जे बाहेरून आणलंय, या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या की पुढचं काम हलकं होतं. बाहेरून काहीच आणलेलं नसेल तर सिमिली आणि मेटाफर दोन्ही बाद. मग फक्त एवढंच पाहायचं, की वस्तूला माणसाचं वागणं दिलंय का आणि प्रमाण फुगवलंय का.

२. 'लाइक' आणि 'अ‍ॅज'ची झडती घ्या

सिमिलीत तुलना उघड सांगितलेली असते. सांगणारे शब्द म्हणजे 'लाइक', 'अ‍ॅज', 'अ‍ॅज इफ'. पण हे शब्द इंग्रजीत इतर कामंही करतात, आणि सापळा नेमका तिथेच असतो.

'आय लाइक रेन' यात 'लाइक' क्रियापद आहे, आवडतं एवढाच त्याचा अर्थ. 'अ‍ॅज द सन सेट, वी लेफ्ट राजवाडा' यात 'अ‍ॅज' वेळ सांगतो. 'शी वर्क्स अ‍ॅज अ नर्स' यात तो काम सांगतो. ही तिन्ही वाक्यं तुलनेची नाहीत. ओळखायला मराठीत वाचून बघा. 'सारखा', 'प्रमाणे', 'इतका' किंवा 'जणू' यांपैकी काही बसलं तर पुढे जा, नाहीतर तिथेच सोडून द्या.

यापेक्षा अवघड सापळा दुसरा आहे. 'शी लुक्स लाइक हर मदर.' यात तुलना आहे, 'सारखी' हा शब्दही बसतो, तरी सिमिली नाही. मुलगी आणि आई दोघीही माणसं आहेत आणि ती खरंच आईसारखी दिसते. ही नुसती माहिती झाली. 'ही इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज हिज ब्रदर' तसंच. सिमिलीला दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी लागतात. 'ही इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज अ पाम ट्री' म्हटलं की माणूस आणि झाड झालं, आणि उपमा तयार झाली.

म्हणून 'लाइक' सापडल्यावर थांबू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. दोन्हीकडे एकाच जातीची गोष्ट असेल तर पर्यायांत सिमिली दिसलं तरी खूण करू नका.

३. 'लाइक' नसेल तर ते घालून बघा

मेटाफरमध्ये कवी 'सारखा' म्हणत नाही, एक गोष्ट थेट दुसरी करून टाकतो. इथे शब्द बदलायची पहिली कसोटी वापरा. ओळीत स्वतः 'लाइक' घाला. 'सराफा वॉज अ रिव्हर ऑफ लाइट्स' याचं 'सराफा वॉज लाइक अ रिव्हर ऑफ लाइट्स' केलं तर अर्थ तोच राहतो, फक्त जोर थोडा उतरतो. म्हणजे मूळ ओळ मेटाफर. आता 'राहुल इज अ डॉक्टर' घ्या. 'राहुल इज लाइक अ डॉक्टर' म्हटलं की अर्थच बदलला, तो डॉक्टर उरलाच नाही. म्हणजे मूळ वाक्य साधं विधान होतं.

मेटाफर नेहमी 'इज' आणि 'वॉज' घेऊनच येतो असं नाही. तो 'ऑफ'मध्ये लपतो, जसं 'अ ब्लँकेट ऑफ फॉग'. तो एकट्या नामातही लपतो. कवी एखाद्या आठवणीला 'वेल्थ' म्हणतो तेव्हा तिथे आठवण हा शब्दसुद्धा नसतो, तरी मेटाफर असतो. आणि तो क्रियापदात लपतो तेव्हा सगळा गोंधळ सुरू होतो, कारण पर्सॉनिफिकेशनसुद्धा बहुधा क्रियापदातच असतं.

४. कर्ता बदला: माणूस बसतो की मांजर?

पर्सॉनिफिकेशन आणि मेटाफर यांतली सीमा हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा आहे. म्हणून इथे जरा थांबू.

'द विंड व्हिस्पर्ड थ्रू द नीम.' वारा कुजबुजला. कर्ता काढा आणि तिथे 'द मॅन' घाला, म्हणजे 'द मॅन व्हिस्पर्ड'. अगदी साधं, रोजचं वाक्य झालं. अलंकार नाहीसा झाला, कारण कुजबुजणं माणसाचंच काम आहे. माणूस घातल्यावर वाक्य साधं झालं तर मूळ ओळीत पर्सॉनिफिकेशन आहे.

पण ही कसोटी एकटी पुरत नाही. 'द बस स्टॉप्ड नियर द पॅलेस' यातही माणूस घातला तर वाक्य साधं होतं, तरी पर्सॉनिफिकेशन नाही, कारण थांबणं बसलाही येतं. म्हणून जोडीला दुसरा प्रश्न विचारा. हे काम मूळ कर्त्याला खरोखर करता येतं का? येत असेल तर अलंकार नाही. 'द रिव्हर रन्स', 'द सन राइझेस', घड्याळाचे 'हँड्स', टेबलाचे 'लेग्ज' हे बोलून बोलून इतकं रुळलंय की त्याला कोणी अलंकार म्हणत नाही. अशा शब्दांवर पेपरात गुण शोधू नका.

आता खरी कसोटी. दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात कार्ल सँडबर्ग यांची 'फॉग' ही कविता आहे. 1916 साली पुस्तकरूपाने आली, अवघ्या सहा ओळींची. धुकं येतं ते 'ऑन लिटल कॅट फीट'. मग ते 'सायलेंट हॉन्चेस'वर, म्हणजे मागचे पाय मुडपून गुपचूप बसतं, बंदराकडे आणि शहराकडे बघतं आणि पुढे निघून जातं. प्रश्न ठरलेला असतो, यात कोणता अलंकार?

माझ्याकडची एक दहावीतली मुलगी या प्रश्नावर अडून बसली होती. "काकू, धुकं बसतंय, बघतंय, मग पर्सॉनिफिकेशनच ना? निर्जीव वस्तू सजीव झाली!" तिचं म्हणणं मराठीच्या तासाला पूर्ण बरोबर ठरलं असतं. मी तिला कर्ता बदलायला सांगितला. तिने आधी माणूस घातला. माणूस मांजरीच्या पावलांनी येतो, मागचे पाय मुडपून बसतो. तिचं तिलाच हसू आलं. मग मांजर घातली. मांजर आवाज न करता येते, पाय मुडपून बसते, इकडेतिकडे बघते, उठून चालायला लागते. सहाच्या सहा ओळी जशाच्या तशा बसल्या. म्हणजे कवीने धुक्याला माणूस केलेलं नाही, मांजर केलंय. एका गोष्टीच्या जागी दुसरी आणली तो मेटाफर. आणि तो एका शब्दात न संपता कविताभर चालतो, म्हणून त्याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात.

काही गाइडांत या ओळींपुढे पर्सॉनिफिकेशन छापलेलं दिसेल, कारण 'सजीवासारखं वागणं' एवढा सैल अर्थ तिथे धरलेला असतो. मग पेपरात काय करायचं? पर्यायांत मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशन दोन्ही असतील तर कर्ता बदलून ठरवा, आणि मांजर बसली तर मेटाफर लिहा. मेटाफर पर्यायांतच नसेल तर पर्सॉनिफिकेशन निवडावं लागेल. लेखी उत्तर असेल तर मेटाफर लिहून पुढे 'द फॉग इज कम्पेअर्ड टू अ कॅट' हे वाक्य जोडा. कारण लिहिलेलं उत्तर तपासनीस सहसा खोडत नाही.

हीच अडचण 'द विंड हाउल्ड' या ओळीत येते. 'हाउल' म्हणजे लांडग्या-कुत्र्याचं विव्हळणं. काटेकोर बघितलं तर इथेही प्राणी आहे. पण माणूसही वेदनेने 'हाउल' करतो असं इंग्रजीत म्हणतात, म्हणून ही ओळ शाळेत बहुधा पर्सॉनिफिकेशनमध्ये धरली जाते. दोन्ही कर्ते बसत असतील तर पर्सॉनिफिकेशन लिहा. फक्त प्राणी बसत असेल तर मेटाफर.

५. प्रमाण कमी करून बघा

हायपर्बलीची व्याख्या सगळ्यांना पाठ असते, ती म्हणजे वाढवून सांगणं. अडचण अशी, की मेटाफरही खरा नसतो. 'हर आइज आर टू लेक्स' हे अशक्यच आहे. मग याला अतिशयोक्ती का म्हणायचं नाही?

इथे शब्द बदलायची तिसरी कसोटी वापरायची. ओळीतलं प्रमाण खाली आणा. 'आय वेटेड अ हंड्रेड इयर्स फॉर द बस.' शंभर वर्षांचा एक तास करा. वाक्य खरं झालं. म्हणजे कवीने फक्त माप फुगवलं होतं, गोष्ट तीच होती, ती म्हणजे थांबणं. ही हायपर्बली. आता 'टू लेक्स'चं प्रमाण कमी करा. लहान तळी केली, डबकी केली, तरी डोळे डोळे होत नाहीत. इथे माप वाढलेलं नाही, जात बदललीय. म्हणून तो मेटाफर. 'आय अ‍ॅम डाइंग ऑफ हंगर'मध्ये मरणं खाली आणलं की खूप भूक उरते, म्हणून हायपर्बली. मराठीत आपणही 'भुकेने मेले' असं रोज म्हणतो, त्यामुळे हे वाक्य मुलांना लगेच पटतं.

आकड्याला भुलू नका. 'टेन थाउजंड पीपल केम टू राजवाडा ऑन रंगपंचमी.' आकडा मोठा आहे, पण रंगपंचमीची गेर पाहिलेल्या कोणालाही हे वाक्य वाढवलेलं वाटणार नाही. उलट कमीच वाटेल. ही माहिती आहे, अलंकार नाही. तोच दहा हजारांचा आकडा एखाद्या माणसाने एका नजरेत मोजला असं कवी म्हणतो, तेव्हा मात्र ती हायपर्बली होते. आकडा तोच, पण एकीकडे तो शक्य आहे आणि दुसरीकडे नाही.

६. एक कविता पूर्ण सोडवून बघू

चारही अलंकार एकत्र बघायचे असतील तर विल्यम वर्ड्सवर्थ यांच्या डॅफोडिल्सच्या कवितेइतकी सोयीची दुसरी नाही. चोवीस ओळी, सहा-सहा ओळींची चार कडवी. ती पहिल्यांदा 1807 मध्ये छापून आली, आणि 1815 च्या आवृत्तीत कवीने तिच्यात एक पूर्ण कडवं वाढवलं. आज पुस्तकांत जी वाचायला मिळते ती हीच वाढवलेली कविता.

पहिली ओळ 'आय वाँडर्ड लोनली अ‍ॅज अ क्लाउड'. बोलणं कवीबद्दल, बाहेरून आणलाय ढग. मधला 'अ‍ॅज' मराठीत 'सारखा' असा वाचता येतो. एकीकडे माणूस, दुसरीकडे ढग, म्हणजे जाती वेगळ्या. सिमिली नक्की. हुशार मुलं इथे विचारतात, ढगाला एकटं वाटतं असं म्हटलंय, मग पर्सॉनिफिकेशन नाही का? त्याची छटा आहेच. पण ओळीचं मुख्य काम तुलना करणं आहे आणि तुलना उघड सांगितलीय, म्हणून एकच नाव मागितलं तर सिमिली.

त्याच कडव्यात फुलांना कवी 'क्राउड' म्हणतो. गर्दी हा शब्द आधी माणसांसाठी असतो. हे वाचताना सहज निसटतं, पण पुढे येणाऱ्या नाचाची तयारी इथूनच झालेली आहे.

दुसरं कडवं, 1815 मध्ये आलेलं. 'कंटिन्युअस अ‍ॅज द स्टार्स दॅट शाइन.' फुलं आणि तारे, मध्ये 'अ‍ॅज', म्हणजे सिमिली. लगेच पुढे 'नेव्हर-एंडिंग लाइन'. खाडीच्या काठाने गेलेली फुलांची रांग कधीच संपत नाही असं म्हटलंय. प्रमाण कमी करा, 'अ लाँग लाइन' लिहा. वाक्य खरं झालं. म्हणून हायपर्बली.

मग 'टेन थाउजंड सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स'. एका नजरेत दहा हजार फुलं. खाली आणून 'मेनी' करा, खरं होतं. हायपर्बली. आणि त्याला जोडूनच 'टॉसिंग देअर हेड्स इन स्प्राइटली डान्स'. डोकी उडवत नाचणं. फुलांच्या जागी मुली घाला, वाक्य साधं होतं. फुलांना खरंच नाचता येतं का? नाही, वाऱ्याने हलता येतं. म्हणून पर्सॉनिफिकेशन. या दोन ओळी पेपरात एकत्र दिल्या जातात, आणि एकच नाव लिहिणाऱ्याचा गुण तिथे जातो. कुठल्या शब्दांखाली रेघ आहे ते आधी बघा. आकड्याखाली असेल तर हायपर्बली, 'हेड्स' आणि 'डान्स'खाली असेल तर पर्सॉनिफिकेशन. रेघ नसेल आणि 'फिगर्स' असं अनेकवचन विचारलं असेल तर दोन्ही लिहा.

मेटाफर शेवटी येतो आणि तोच सगळ्यात जास्त निसटतो, कारण तिथे 'इज' नाही. ते दृश्य बघून आपल्याला कसली 'वेल्थ' मिळाली याचा तेव्हा विचारच केला नाही, असं कवी म्हणतो. धन बाहेरून आणलंय, खरं काय मिळालं तर आठवण. शेवटच्या कडव्यातला 'इनवर्ड आय' म्हणजे आतला डोळा. खरा डोळा नव्हे, मनात पुन्हा बघण्याची शक्ती. 'लाइक' घालून बघा, 'समथिंग लाइक अ‍ॅन आय'. अर्थ टिकतो. मेटाफर.

या फुलांची आणखी एक नोंद आहे, आणि ती कसोटी पक्की करायला फार उपयोगी पडते. कवीची बहीण डोरोथी त्या फिरण्यात बरोबर होती. अल्सवॉटर तळ्याकाठी पाहिलेल्या त्या फुलांबद्दल तिने 15 एप्रिल 1802 च्या रोजनिशीत लिहिलंय. काही फुलांनी थकून दगडांवर उशीवर टेकावं तशी डोकी टेकली होती, आणि बाकीची डुलत, नाचत होती, जणू वाऱ्याबरोबर खरंच हसत होती. साधं गद्य आहे, तरी त्यात दोन्ही गोष्टी दिसतात. थकणं, डोकं टेकणं, नाचणं हे पर्सॉनिफिकेशन. 'अ‍ॅज ऑन अ पिलो' ही सिमिली. आणि हसण्याच्या आधी 'अ‍ॅज इफ' आलंय, म्हणजे माणसाचं वागणं तुलनेतून सांगितलंय. भावाच्या कवितेत नाचण्याआधी असं काही नाही, तिथे फुलं सरळ नाचतात. म्हणून कवितेतल्या नाचाला एकटं पर्सॉनिफिकेशन पुरतं. डोरोथीच्या हसण्याला सिमिली लिहायची आणि पर्सॉनिफिकेशनचाही उल्लेख करायचा.

७. उत्तर लिहिताना

पर्यायांचा प्रश्न असेल तर खूण केली की काम झालं. लेखी उत्तरात मात्र नुसतं नाव लिहून थांबू नका. तीन गोष्टी लिहा, त्याही दोनच वाक्यांत. नाव, ओळीतले नेमके शब्द, आणि कशाला काय केलंय. उदाहरणार्थ, 'द फिगर ऑफ स्पीच इज पर्सॉनिफिकेशन. द डॅफोडिल्स आर गिव्हन द ह्यूमन अ‍ॅक्शन ऑफ डान्सिंग.' एवढं पुरे.

दुसऱ्या वाक्याचा साचा अलंकाराप्रमाणे बदला. सिमिलीला 'इज कम्पेअर्ड टू' लिहा आणि पुढे 'यूजिंग द वर्ड अ‍ॅज' किंवा 'लाइक' जोडा. मेटाफरलाही 'इज कम्पेअर्ड टू' चालतं, फक्त 'विदाउट यूजिंग लाइक ऑर अ‍ॅज' असं म्हणा. हायपर्बलीला 'एक्झॅजरेट्स' हा शब्द यायलाच हवा, आणि काय वाढवलंय तेही, जसं 'द नंबर ऑफ फ्लावर्स'. सौंदर्य वाढलं, कविता छान झाली, अशी वाक्यं टाकू नका. त्यांना गुण नसतो आणि वेळ जातो.

स्पेलिंगकडे एकदा बघा. सिमिलीत 'एस'नंतर 'आय' असतो. घाईत तो गळला की 'स्माइल' होतं, आणि असं उत्तर कापलं जातं. हायपर्बलीच्या शेवटी 'ई' आहे. तिथे 'ए' लिहिलात तर तो गणितातला वक्र झाला. पर्सॉनिफिकेशन लिहिताना आधी 'पर्सन' हा शब्द पूर्ण लिहा, मग बाकीचं जोडा.

८. सरावाला सहा वाक्यं

ही वाक्यं मी मुलांसाठी तयार केलेली आहेत. उत्तरं खाली आहेत, पण आधी वहीत तिन्ही कसोट्या लावून बघा.

क) द लेक लुक्ड लाइक अ शीट ऑफ ग्लास.
ख) हिज व्हॉइस साउंड्स लाइक हिज फादर्स.
ग) द ओल्ड वाडा रिमेम्बर्ड एव्हरी वेडिंग.
घ) माय बॅग वेज अ टन.
ङ) द रेन गॅलप्ड ओव्हर द टिन रूफ.
च) एग्झाम्स आर अ लाँग टनेल.

क सिमिली आहे, तळं आणि काच वेगळ्या जातीचे. ख मध्ये 'लाइक' असूनही अलंकार नाही, मुलाचा आवाज आणि वडिलांचा आवाज ही एकाच जातीची तुलना झाली. ग पर्सॉनिफिकेशन, कारण वाड्याच्या जागी आजी घातली की वाक्य रोजचं होतं आणि वाड्याला आठवता येत नाही. घ हायपर्बली, टनाचे पाच किलो केले की खरं होतं. च मेटाफर, 'लाइक' घातलं तरी अर्थ टिकतो आणि बोगदा कितीही लहान केला तरी ती परीक्षा होत नाही.

ङ वर मुलं सगळ्यात जास्त भांडतात. 'गॅलप' म्हणजे घोड्याचं चौखूर धावणं. माणूस घातला तर वाक्य अडखळतं, घोडा घातला तर बसतं. पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाला कवीने घोडा केलंय. म्हणून मेटाफर, आणि लेखी उत्तरात पुढे 'द रेन इज कम्पेअर्ड टू अ हॉर्स' हे लिहायचंच.